शिष्यवृत्तीच्या पत्राचा मराठी अनुवाद : नूतनीकरण, परतफेड आणि जामीनदाराची सही

अनुजा_म
नमस्कार. माझ्या भाचीला अमेरिकेत पदवीच्या शिक्षणासाठी एका ट्रस्टची शिष्यवृत्ती मिळाली आहे. वर्षाला १८,००० डॉलर, दर सत्राला ९,००० असे दोन हप्ते. चार पानी पत्र आलंय आणि शेवटच्या पानावर जामीनदार म्हणून माझे भावजी आणि त्यांचे धाकटे भाऊ, दोघांनी सह्या करायच्या आहेत. दोघांनाही इंग्रजी मजकूर वाचून नीट कळेल असं नाही, म्हणून ताईने पत्र मराठीत करून द्यायचं काम माझ्याकडे सोपवलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, अनुवादाचा सराव नाही. पहिला मसुदा भावजींना वाचायला दिला, तर तिसऱ्या पानावर ‘परतफेड’ हा शब्द बघून ते म्हणाले, "म्हणजे हे कर्जच आहे की!" आणि पत्र बाजूला ठेवून दिलं. तसं ते नाही, पण माझ्या मराठीतून त्यांना तसंच वाटलं.

मला अडलेल्या जागा :
नूतनीकरणाचं वाक्य मी असं केलंय : ‘ही शिष्यवृत्ती पुढील तीन वर्षे मिळत राहील, मात्र विद्यार्थिनीने खालील अटी पाळल्या पाहिजेत.’ मुळात ‘रिन्यूएबल फॉर अप टू थ्री अ‍ॅडिशनल अकॅडेमिक इयर्स, सब्जेक्ट टू’ असं आहे.
परतफेडीच्या कलमात ‘अनअर्न्ड पोर्शन’ आहे. ‘न कमावलेला भाग’ लिहिलंय, पण मलाच ते वाचवत नाही.
आणि जामिनाच्या कलमात ‘जॉइंटली अँड सेव्हरली’. मी ‘एकत्रितपणे व वेगवेगळे’ लिहिलंय.

दत्ता_काका
अभिनंदन भाचीचं! वकिलातीत देण्यासाठी भाषांतर हवं असेल तर ते प्रमाणित लागतं. मराठी दाखल्यांचं इंग्रजी करून घेताना भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख आणि ‘भाषांतर पूर्ण व अचूक आहे’ असं निवेदन खाली घ्या. घरी केलेलं चालेल असं धरून चालू नका.

अनुजा_म
काका, धन्यवाद, पण इथे उलटं आहे. पत्र इंग्रजीतच आहे आणि वकिलातीत ते तसंच जाईल. मराठी फक्त घरच्यांसाठी हवंय, सही करण्याआधी त्यांना समजावं म्हणून.

जुना_दुभाषी
अनुजाताई, करार आणि हमीपत्रांचे अनुवाद मी बरीच वर्षं करतो आहे. तुमच्या तिन्ही जागा बरोबर पकडल्यात, पण पहिली जागा तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त बिघडलेली आहे, म्हणून आधी तीच घेतो.

‘मिळत राहील’ म्हटलं की मिळणं हा नियम होतो आणि बंद होणं हा अपवाद. मुळात नेमकं उलट आहे. एक वर्ष दिलंय. पुढचं प्रत्येक वर्ष नव्याने ठरणार आहे. ‘अप टू’ म्हणजे ही कमाल मर्यादा आहे, आश्वासन नाही. ‘सब्जेक्ट टू’ला ‘मात्र’ पुरत नाही, कारण ‘मात्र’ने अट वाक्याच्या शेपटाला लागते आणि वाचणाऱ्याला ती दुय्यम वाटते. मी असं लिहीन :

‘पहिल्या वर्षानंतर ही शिष्यवृत्ती जास्तीत जास्त आणखी तीन शैक्षणिक वर्षांसाठी नूतनीकृत होऊ शकते. प्रत्येक वर्षीच्या नूतनीकरणासाठी खालील सर्व अटी पूर्ण झालेल्या असणे आवश्यक आहे.’

वाक्य दोन झाली तरी बिघडत नाही. इंग्रजीतलं एक लांब वाक्य मराठीत एकच ठेवण्याचा अट्टहास केला की अट कुठे तरी बुडते.

आता एक विचारतो : अटींची यादी किती कलमांची आहे, आणि शेवटचं कलम निधीबद्दल आहे का?

अनुजा_म
तीन आहेत. पहिलं, दर वर्षाच्या स्प्रिंग सत्राअखेर क्युम्युलेटिव्ह जीपीए किमान ३.०. दुसरं, वर्षभरात ३० क्रेडिट ‘कम्प्लीटेड’. तिसरं खरंच निधीबद्दल आहे, ‘अव्हेलेबिलिटी ऑफ फंड्स’. ते मी ‘ट्रस्टकडील निधीनुसार’ असं वरच्या वाक्यातच मिसळून टाकलं होतं.

जुना_दुभाषी
ते बाहेर काढा आणि तिसरी अट म्हणून स्वतंत्र लिहा : ‘ट्रस्टकडे त्या वर्षासाठी निधी उपलब्ध असणे.’ पहिल्या दोन अटी मुलीच्या हातातल्या आहेत, तिसरी नाही. भावजींनी चार वर्षांचा खर्च मांडताना हे त्यांच्या डोळ्यांसमोर असायला हवं.

सातासमुद्रापार
मी अमेरिकेतच शिकलो. जीपीए ३.० म्हणजे सरळ ७५ टक्के लिहा ना, घरच्यांना पटकन कळेल. आणि ३० क्रेडिटची काळजी नको. पदवीच्या विद्यार्थ्याला पूर्णवेळ राहायला सत्राला १२ क्रेडिट पुरतात, व्हिसालाही तेवढेच लागतात. म्हणजे वर्षाला २४.

रेवती_ज
सातासमुद्रापार, नेमक्या याच समजुतीने माझी शिष्यवृत्ती गेली, म्हणून लिहितेय.

माझ्याही पत्रात वर्षाला ३० होते. पहिल्या सत्रात मी १५ घेतले, दुसऱ्यातही १५. दुसऱ्या सत्रात एक विषय जड जायला लागला, तो मुदतीत सोडला. हातात राहिले १२. सल्लागारांनी विचारलं, "पूर्णवेळ आहेस ना?" होते. व्हिसाला काही झालं नाही, विद्यापीठाचं काही म्हणणं नव्हतं. जूनमध्ये पत्र आलं की २७ क्रेडिट पूर्ण झाले, नूतनीकरण नाही. मूळ पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा ‘कम्प्लीटेड’ हा शब्द दिसला. सोडलेला विषय निकालपत्रावर दिसतो, पण पूर्ण झालेल्या क्रेडिटमध्ये धरत नाहीत. आम्ही घरी ‘वर्षाला ३० क्रेडिट घेणे’ असंच समजत होतो.

जुना_दुभाषी
रेवती, फार मोलाचं सांगितलंत. अनुजाताई, तिथे ‘घेणे’ नको, ‘३० क्रेडिट उत्तीर्ण होऊन पूर्ण केलेले असणे’ असं लिहा. पूर्णवेळ विद्यार्थी असणं ही अट वेगळी आणि ही वेगळी, मराठी वाचतानाही हे कळायला हवं.

जीपीएचे टक्के करू नका. चारपैकी तीन म्हणून ७५, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, पण तिथे प्रत्येक विषयाच्या श्रेणीला ठरलेले गुण असतात आणि त्यांची क्रेडिटनुसार भारित सरासरी निघते. टक्के लिहिले की घरचे ७५ टक्क्यांची गुणपत्रिका शोधत बसतील आणि ती येणारच नाही. ‘४.० पैकी किमान ३.०’ असंच ठेवा.

‘क्युम्युलेटिव्ह’ला काय लिहिलंय?

अनुजा_म
‘संचित’. गणिताच्या सवयीने.

जुना_दुभाषी
चूक नाही, पण घरी कोणाला कळणार? ‘प्रवेशापासून आतापर्यंतच्या सर्व सत्रांची मिळून सरासरी’ लिहा. लांब आहे, पण नेमकं आहे.

अनुजा_म
रेवतीचं वाचून मी आकडे मांडून पाहिले, कारण मला वाटत होतं की विषय सोडल्याने जीपीए वाचतो. समजा पहिल्या सत्रात १५ क्रेडिटला २.८ आणि दुसऱ्यात १५ ला ३.२, तर सरासरी बरोबर ३.०. पण दुसऱ्या सत्रात एक विषय सोडून १२ क्रेडिटलाच ३.२ मिळाले, तर १५ गुणिले २.८ म्हणजे ४२, १२ गुणिले ३.२ म्हणजे ३८.४, एकूण ८०.४. भागिले २७ केलं की २.९७८ येतात. म्हणजे क्रेडिट तर गेलेच, वर जीपीएची अटही हुकली! अर्थात सोडलेल्या विषयात फारच कमी श्रेणी मिळणार असेल तर सोडणंच बरं, ते खरं. पण चांगल्या सत्राचं वजन कमी होतं, हे माझ्या लक्षात नव्हतं आलं.

२.९७८ ला ते ३.० धरतील का? पत्रात त्याबद्दल काहीच नाही.

सातासमुद्रापार
टक्क्यांचं मान्य. २४ चंही मान्य, मी व्हिसाचा नियम सांगत होतो. बहुतेक ठिकाणी २.९७८ ला २.९८ धरतात, ३.० नाही. पण ट्रस्टलाच विचारा.

परतफेडीबद्दल मात्र मला नक्की माहीत आहे : सत्राचा ६० टक्के भाग झाला की नंतर सोडलं तरी पैसे परत द्यावे लागत नाहीत.

जुना_दुभाषी
तो नियम आहे, पण अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या आर्थिक मदतीचा. परदेशी विद्यार्थ्यांना ती मदत सहसा मिळतच नाही. खासगी ट्रस्ट तसाच नियम ठेवू शकतो, नाहीही ठेवू शकत. पत्रात असेल तेच खरं. अनुजाताई, कलमाचा आशय सांगा.

अनुजा_म
६० टक्क्यांचा उल्लेखच नाही. आशय असा : विद्यार्थिनीने सत्र पूर्ण होण्याआधी शिक्षण सोडलं किंवा तिला काढून टाकलं, तर त्या सत्राच्या हप्त्यातला ‘अनअर्न्ड पोर्शन’ प्रो-राटा काढून, मागणीच्या तारखेपासून ३० कॅलेंडर दिवसांत ‘शॅल बी रीपेड’. हिशेब ‘लास्ट डेट ऑफ डॉक्युमेंटेड अटेंडन्स’पर्यंतच्या दिवसांवर. पुढे, ट्रस्ट विशेष परिस्थितीत हे ‘मे वेव्ह’. अर्जात खोटी माहिती आढळली तर मात्र सगळी रक्कम परत.

माझं मराठी : ‘शिक्षण सोडल्याच्या दिवसापर्यंतचा हिशेब करून न कमावलेल्या भागाची परतफेड ३० दिवसांत करावी. विशेष परिस्थितीत ट्रस्ट ती माफ करेल.’

जुना_दुभाषी
इथे चार ठिकाणी अर्थ हलला आहे.

‘परतफेड’ मराठीत कर्जालाच इतकी चिकटली आहे की भावजींची काहीच चूक नाही. ‘रक्कम परत करणे’ लिहा. कलमाच्या सुरुवातीला ‘पुढील प्रसंगीच’ आलं की नेहमीच्या स्थितीत काहीही परत द्यायचं नाही, हे आपोआप कळतं.

‘करावी’ने विनंतीचा भास होतो. ‘शॅल’ म्हणजे बंधन : ‘परत करणे बंधनकारक राहील.’ आणि ‘मे’ म्हणजे मुभा. ‘माफ करेल’ने तुम्ही ट्रस्टच्या वतीने वचन देऊन टाकलंत. ‘माफ करू शकेल’ हवं. अडचणीच्या दिवशी घरचे नेमकं हेच वाक्य पुढे करतील आणि मूळ पत्रात ते वचन सापडणार नाही.

‘अनअर्न्ड’ला ‘हप्त्यातील ज्या दिवसांचे शिक्षण झाले नाही, त्या दिवसांच्या वाट्याची रक्कम’ म्हणा. म्हणजे प्रो-राटा त्यातच आला.

चौथी जागा सगळ्यात महाग पडणारी. ‘सोडल्याचा दिवस’ म्हणजे घरच्यांना वाटेल की अर्ज भरला तो दिवस. मुळात शेवटच्या नोंदलेल्या हजेरीची तारीख आहे. या दोन तारखांत बऱ्याचदा अंतर असतं. आजारी पडलं किंवा मन उडालं की वर्ग आधी सुटतात, अर्ज नंतर जातो.

अनुजा_म
समजा सत्र १०५ दिवसांचं. अर्ज ४२ व्या दिवशी दिला. माझ्या मराठीप्रमाणे ४० टक्के झाले, म्हणून ९,००० पैकी ५,४०० परत. पण शेवटची हजेरी ३० व्या दिवशीची असेल तर ७५ दिवस उरतात, ९,००० गुणिले ७५ भागिले १०५ म्हणजे साधारण ६,४२९. हजाराहून जास्त डॉलरचा फरक, एका शब्दाने.

आणि ‘कॅलेंडर’ शब्द मी गाळलाच होता. सुट्ट्या धरून ३० दिवस, असं लिहिते.

शेखर_वि
‘ज्या दिवसांचे शिक्षण झाले नाही त्या दिवसांच्या वाट्याची रक्कम’ हा अनुवाद आहे की स्पष्टीकरण? कायदेशीर मजकुरात शब्दाला शब्द ठेवावा. ‘अनर्जित भाग’ असा शब्द आहे, तो वापरा. ‘जॉइंटली अँड सेव्हरली’ला ‘संयुक्तपणे व पृथकपणे’ हा रूढ शब्दप्रयोग आहे. आपल्या मनाने सोपं करत गेलं की उद्या वाद झाला तर त्या मजकुराला आधार राहत नाही.

जुना_दुभाषी
शेखर, दुसऱ्या शब्दप्रयोगाबद्दल पूर्ण सहमत. ‘एकत्रितपणे व वेगवेगळे’ने अर्थच फिरतो. मजकुरात ‘संयुक्तपणे व पृथकपणे’च हवं. पण तेवढ्यावर थांबलात तर सही करणाऱ्याला काही कळलेलं नसेल. ‘अनर्जित’ माझ्या मते इथे नको. हा अनुवाद न्यायालयात जाणार नाही, घरात वाचला जाणार आहे.

अनुजाताई, ‘वेगवेगळे’ वाचून भावजींना काय वाटलं, विचारलंत?

अनुजा_म
आत्ताच फोन केला. म्हणाले, "दोघं आहोत, म्हणजे निम्मं निम्मं. पाच हजार चारशेची वेळ आली तर माझे सत्तावीसशे, त्याचे सत्तावीसशे." धाकट्या भाऊजींनीही असंच धरलंय, आणि याच हिशोबाने ते सहीला तयार झालेत.

जुना_दुभाषी
भीती हीच होती. या कलमाचा अर्थ असा की ट्रस्ट पूर्ण ५,४०० दोघांपैकी कोणाही एकाकडून मागू शकतो. दुसऱ्याकडे आधी जाण्याचं बंधन त्याच्यावर नाही. ज्याने भरले त्याने दुसऱ्याकडून वाटा मागायचा, तो त्या दोघांमधला प्रश्न. धाकट्या भाऊजींना हे सहीच्या आधी कळायला हवं, मग त्यांनी नकार दिला तरी चालेल.

रेवती_ज
आमच्याकडे मामांनी सही केली होती आणि हे कोणालाच माहीत नव्हतं. वेळ आली नाही म्हणून निभावलं.

शेखर_वि
मग मधला मार्ग काढा. मुख्य मजकुरात रूढ शब्द, आणि अर्थ स्वतंत्र पानावर ‘अनुवादकाची टीप’ म्हणून. टीप मजकुरात मिसळली की ट्रस्टने काय म्हटलं आणि अनुजाताईंनी काय म्हटलं, हे वेगळं काढता येणार नाही. माझा आग्रह एवढाच आहे.

जुना_दुभाषी
हे पटलं. ‘अनर्जित’वर आपलं जमणार नाही, ते राहू द्या. कलमांचे आकडे मात्र मूळ पत्रासारखेच ठेवा, म्हणजे कोणतंही वाक्य दोन्ही कागदांवर शेजारी ठेवून तपासता येईल. आणि वर ठळक लिहा की हा अनुवाद समजण्यासाठी आहे, फरक आढळल्यास इंग्रजी पत्र ग्राह्य. सही फक्त इंग्रजी पत्रावरच होईल.

अनुजा_म
दुसरा मसुदा तयार आहे. परतफेडीचं कलम आता असं :

‘७. पुढील प्रसंगीच रक्कम परत करणे बंधनकारक राहील. (क) विद्यार्थिनीने सत्र पूर्ण होण्यापूर्वी शिक्षण सोडल्यास किंवा तिला संस्थेतून काढून टाकण्यात आल्यास, त्या सत्राच्या हप्त्यातील ज्या दिवसांचे शिक्षण झाले नाही त्या दिवसांच्या वाट्याची रक्कम. हा हिशेब शेवटच्या नोंदलेल्या हजेरीच्या तारखेवरून केला जाईल. (ख) अर्जात खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास, दिलेली संपूर्ण रक्कम. रक्कम मागणीच्या तारखेपासून सुट्ट्या धरून ३० दिवसांत परत केली पाहिजे. विशेष परिस्थितीत ट्रस्ट (क) मधील रक्कम माफ करू शकेल.’

जुना_दुभाषी
छान उतरलंय. एकच शंका : माफीची मुभा मुळात फक्त पहिल्या प्रसंगाला आहे की दोन्हींना? तुम्ही आशय सांगितला तेव्हा ती खोट्या माहितीच्या आधी आली होती.

अनुजा_म
पुन्हा पाहिलं. माफीचं वाक्य पहिल्या परिच्छेदातच आहे, खोट्या माहितीचा परिच्छेद त्यानंतर सुरू होतो. म्हणजे (क) पुरतीच. पण मी वाक्य शेवटी नेल्यामुळे शंका आली, ते परत (क) च्या खाली आणते. ३० दिवसांची मुदतही मुळात तिथेच आहे. (ख) ला किती मुदत, हे पत्रात लिहिलेलं नाही. मी नकळत दोन्हींना लावून टाकली होती!

ट्रस्टला तीन प्रश्न पाठवलेत. एकूण वर्षं तीन की चार, २.९७८ चं काय, आणि आजारपणामुळे एक सत्र रजा घेतली तर ते ‘शिक्षण सोडणं’ धरणार का. भाचीला लहानपणापासून दमा आहे, म्हणून शेवटचा प्रश्न ताईने मुद्दाम घालायला लावला.

अनुजा_म
उत्तर आलं. पहिल्या वर्षासह एकूण चार वर्षं, हे स्पष्ट आहे. जीपीए दोन दशांश स्थळांपर्यंत पाहतात, म्हणजे २.९८, म्हणजे अट पूर्ण नाही. रजेबद्दल एवढंच लिहिलंय की प्रत्येक प्रकरण त्या वेळी विचारात घेतलं जाईल.

सातासमुद्रापार
रजेला विद्यापीठाकडून ‘लीव्ह ऑफ अ‍ॅब्सेन्स’ म्हणून लेखी मंजुरी घेतली तर ते सोडणं धरू नये, असं मला वाटतं. विद्यापीठ दोन्ही गोष्टी वेगळ्या नोंदवतं.

जुना_दुभाषी
विद्यापीठ वेगळ्या नोंदवेल, पण पत्र ट्रस्टचं आहे आणि त्यात रजेचा शब्दच नाही. तुम्ही म्हणता तसं होऊ शकतं, नाहीही होऊ शकत. अनुवादात तिथे काहीही भरू नका. टिपेत लिहा की याबद्दल पत्र गप्प आहे आणि ट्रस्टचं उत्तर अमुक तारखेला असं आलं. उत्तराची छापील प्रत पत्राला जोडून ठेवा.

अनुजा_म
तसंच केलं. काल संध्याकाळी दोघा भावांना समोर बसवून सातवं कलम आणि टीप वाचून दाखवली. धाकटे भाऊजी ‘पूर्ण रक्कम कोणाही एकाकडून’ इथे थांबले, मला ते वाक्य परत वाचायला सांगितलं आणि मग भावजींकडे बघून म्हणाले, "मग दादा, आपल्या दोघांतही एक कागद करू." भावजी लगेच हो म्हणाले. त्या कागदात काय लिहायचं, कोणाला अनुभव असेल तर सांगा. ट्रस्टकडे सह्या शुक्रवारपर्यंत पोचायच्या आहेत.